तलवारींची सत्ती

“मावशी, माझे हात बघा. गार पडलेत. हे भीतीनं की नको आहे म्हणून, एवढंच सांगा. बाकी मला काही नको.”

हर्षदाचा तो आवाज. पुष्कळ वर्षं झाली, पण अजून दुपारी घर निवांत असलं की तो तसाच ऐकू येतो. बारीक, पण न थरथरणारा. 

साताऱ्यात रेखाच्या ब्यूटी पार्लरच्या मागं एक खोली होती. पुढं वाफ, मेंदी, शॅम्पूचा वास. मागं मी, एक बैठं टेबल, गडद निळं कापड आणि टॅरोचे पत्ते. पाचगणीच्या एका शाळेत मी शिवण शिकवायचे, तिथं संगीत शिकवणाऱ्या फ्रेनीबाईंकडून ते पत्ते मला मिळाले, आणि ते वाचायचे कसे हेही. रेखाकडं येणाऱ्या नवऱ्या मुली तोंडाला लेप लावून बसल्या की कंटाळायच्या, मग एकेक करून मागं यायच्या. बहुतेकींना एवढंच हवं असायचं, की कोणीतरी म्हणावं, सगळं छान होणार आहे. मी तसं म्हणत नसे. म्हणून काही जणी परत यायच्या नाहीत, आणि काही जणी फक्त माझ्याकडंच यायच्या.

हर्षदा बुधवारी आली. रविवारी तिचा साखरपुडा होता. सोबत तिची मालनआत्या. आई लहानपणीच गेलेली, आत्यानंच वाढवलेली पोर. आत्या बाहेर मुलतानी मातीचा लेप लावून खुर्चीत आडवी झाली होती, आणि रेखानं तिला सक्त ताकीद दिली होती की माती वाळेपर्यंत बोलायचं नाही. ती संधी साधून हर्षदा मागं सरकली.

“बस,” मी म्हटलं. “पत्त्यांना काय विचारायचंय?”

“मकरंदशी लग्न करू का नको.”

“असं नाही विचारायचं. पत्ता हो किंवा नाही सांगत नाही. हो-नाही सांगायला तुझ्या घरात माणसं कमी आहेत का?”

ती हसली. हसताना ती अगदीच लहान दिसली.

“मग कसं विचारू?”

“आल्या आल्या जे मला विचारलंस तेच. यातली भीती कुठली आणि खरी शंका कुठली.”

मी पत्ते कापडावर पसरले आणि तिला म्हटलं, दोन्ही हातांनी गोल गोल फिरव, पीठ चाळतात तसं. असं फिरवलं की काही पत्ते सुलटे राहतात, काही उलटे होतात, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा लागतो. तिनं फिरवले. गोळा केले. डाव्या हातानं तीन ढीग केले, मग हवे तसे एकावर एक ठेवले. तोवर मी तिला विचारत होते.

“ही भीती कधी वाटते?”

“साड्यांचं बोलणं निघालं की. पाहुण्यांची नावं काढली की. मकरंदचे काका म्हणाले, मुलगी जरा बारीक आहे, तेव्हा.”

“आणि त्याचा फोन आला की?”

ती म्हणाली, “तेव्हा जाते. फोन ठेवला की परत येते. जास्तच येते.”

“समज, साखरपुडा सहा महिने पुढं ढकलला.”

तिनं एकदम मोठा श्वास घेतला. खांदे खाली आले. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ते पुन्हा वर चढले.

“सहा महिन्यांनीही हेच वाटेल.”

“आणि मकरंदच्या जागी दुसरा कोणी असता तर?”

“तरी हेच,” ती म्हणाली, आणि आपणच बोललेल्या शब्दांकडं बघत राहिली.

भीती तारखेला चिकटलेली असते. तारीख हलवली की ती हलते. जी हलत नाही ती भीती नव्हे. हे मला पत्त्यांच्या आधी आईकडून कळलेलं. आई दळताना स्वतःच्या मनानं ओव्या जुळवायची, त्यातली एक अशी होती:

भीती आली घरा
तिला दिला मी गं पाट
शंका उभी दारी
तिची वेगळीच वाट

मी पाच पत्ते मांडले. पहिला तिचा, आज ती आहे तशी. दुसरा भीतीचा, ती कानाशी काय बोलते ते. तिसरा मकरंदचा. चौथा दोघांच्या मधला. आणि पाचवा सगळ्यांच्या वर, एकटा. भीती उचलून बाजूला ठेवली तरी जे उरतं, ते त्या जागी. जागा आधी ठरवायच्या, पत्ता नंतर उघडायचा. नाहीतर माणूस पत्ता बघतो आणि आपल्याला सोयीची जागा त्याला देतो.

पहिला उघडला. तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दगडी बाकावर बसलीय, छातीशी दोन तलवारींची फुली धरून. मागं समुद्र, वर चंद्राची कोर.

“हिचे डोळे कोणी बांधले?” हर्षदानं विचारलं.

“हिचे हात मोकळे आहेत. तलवारी खाली ठेवल्या तर पट्टी सोडता येईल. ठेवत नाही, कारण पट्टी सोडली की बघावं लागेल.”

दुसरा. तलवारींची नव्वी. बाई अंथरुणात उठून बसलीय, तोंड ओंजळीत. मागं काळ्या भिंतीवर नऊ तलवारी आडव्या.

“हे मीच आहे,” ती म्हणाली. “रोजचं.”

“नीट बघ. यातली एक तरी तलवार तिला लागलीय का?”

तिनं पत्ता जवळ घेतला. “नाही. सगळ्या भिंतीवर आहेत. आणि गोधडीवर गुलाब आहेत.”

“आहेत ना? भीतीचा पत्ता असा असतो. त्यात दिसतं पुष्कळ, घडत काहीच नाही.”

तिसरा उघडला. नाण्यांचा घोडेस्वार. बाकीचे तीन घोडेस्वार कुठंतरी निघालेले असतात, हा एकटा थांबलेला. काळा दणकट घोडा, पुढं नांगरलेलं शेत, हातातल्या नाण्याकडं तो बघत बसलाय.

हर्षदा फसकन हसली. “हा तोच. जेवायला काय केलंय हे सांगायला याला पाच मिनिटं लागतात. आधी विचार करतो, मग म्हणतो, वरण होतं.”

“आवडत नाही?”

“आवडतं हो,” ती म्हणाली. पटकन म्हणाली, आणि म्हणून मी विश्वास ठेवला. “मागं मला ताप आला होता, तर तीन दिवस रोज त्याच वेळेला फोन. बोलायला काही नसायचं. नुसता विचारायचा, उतरला का.”

चौथा पत्ता उलटा आला. पेल्यांची दुर्री. मुलगा आणि मुलगी एकमेकांना पेला देताहेत, पण डोकी खाली, पाय वर.

तिचं तोंड उतरलं. “मोडणार.”

“अनेक जण तो असाच वाचतात. पण आधी चित्रात काय चाललंय ते बघ. देवाणघेवाण चाललीय. उलटा म्हणजे ती सरळ होत नाहीये. एकाचा पेला भरलेला येतो, दुसऱ्याच्यातलं मध्येच कुठंतरी अडतं. कोणाच्या हातातलं अडलंय, ते हा पत्ता सांगत नाही. पुढचा सांगेल.”

पाचवा मी उघडला, आणि खरं सांगते, तो पत्ता मला त्या जागी नको होता.

तलवारींची सत्ती. छावणीचे तंबू मागं उभे आहेत. एक माणूस चवड्यांवर, आवाज न करता, काखेत पाच तलवारी कवटाळून निघालाय. दोन तिथंच मातीत रोवलेल्या राहिल्या. मान मागं वळलेली, ओठांवर हसू. दूर माणसांचा लहानसा घोळका, त्यांना याची खबर नाही.

खोलीत फक्त पुढच्या ड्रायरची घरघर येत होती.

“म्हणजे मकरंद मला फसवतोय,” हर्षदा म्हणाली. आणि मी ऐकलं, त्या वाक्यात दुःख कमी होतं, सुटका जास्त. तिला तसंच हवं होतं. तो लबाड निघाला की सगळं आपोआप मोडतं, आणि तिला काहीच करावं लागत नाही.

तिला हवं ते देणं फार सोपं होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“मकरंदची जागा तिसरी,” मी म्हटलं. “तिथं कोण आहे?”

“घोडेस्वार.”

“मग हा चोर त्याच्या जागेवर नाही.” मी नव्वी उचलली आणि पालथी करून बाजूला ठेवली. “ही तुझी भीती. काढली. साड्या, पाहुणे, काका, सगळं गेलं. आता टेबलावर काय राहिलं?”

ती बघत राहिली. डोळे बांधलेली बाई. थांबलेला घोडा. उलटे पेले. आणि वर तो, चवड्यांवर.

“या पाचांत एकही मोठा पत्ता आलेला नाही,” मी म्हटलं. “ना सूर्य, ना मनोरा, ना दैवाचं चाक. ते येतात तेव्हा गोष्ट माणसाच्या हातात फारशी नसते. इथं सगळं हातातलंच आहे. आणि नव्वीत काही घडत नव्हतं, इथं घडतंय. कोणीतरी काहीतरी उचलून नेतंय, कोणाला कळू न देता. हे वाटणं नाही, हे करणं आहे. कोण करतंय ते तुला माहीत असेल, मला नाही.”

तिचे गाल लाल झाले. उजव्या हातानं तिनं डावं मनगट घट्ट धरलं.

“सांगू तुम्हाला?”

“मला नको. माझी जागा या टेबलावर नाही.”

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि मालनआत्या आत आली. तोंडभर वाळत आलेली माती, डोळ्यांभोवती दोन गोल उघडे, केसांना रेखाचा गुलाबी पट्टा. ओठ न हलवता, दातांतून ती म्हणाली, “कुठं गेलीस म्हणून शोधतेय. हे काय मांडलंय?”

“पत्ते, आत्या.”

“ते दिसतंय. पत्त्यांवर लग्नं ठरायला लागली तर जुगाऱ्यांची घरं भरली असती.” ती माझ्या समोर बसली, आणि तिची नजर वरच्या पत्त्यावर गेली. “हा चोर कोण?”

मी तिच्याकडं बघत होते म्हणून मला दिसलं, तिला उत्तर नको होतं. ते तिच्याकडं होतं. कपाळावरच्या मातीला पहिली चीर गेली.

“मकरंद नाही, असं मावशी म्हणतात,” हर्षदा हळूच म्हणाली.

“मकरंद कशाला असेल? चांगल्या घरचा मुलगा आहे.” आत्या माझ्याकडं वळली. “कुंदाबाई, पोरीला सांगा, सगळं चांगलं आहे म्हणून. बाहेर रेखा म्हणत होती, तुम्ही समजुतीनं बोलता.”

“सगळं चांगलंच आहे,” मी म्हटलं. “मुलगा चांगला आहे. मुलगी चांगली आहे. एक माणूस तलवारी पळवतोय, तेवढं सोडून.”

“परत काढा.”

“एक प्रश्न एकदाच विचारायचा. आवडलं नाही म्हणून दुसऱ्यांदा काढले की पत्ते बोलत नाहीत, आपणच बोलतो.”

“मग मी फिरवते.” आणि तिनं खरंच बोट पुढं केलं, सत्तीवर ठेवलं, आणि पत्ता गोल वळवला. चोराचे पाय वर, तंबू खाली. “झालं. उलटा पडला की अर्थ उलटा. रेखानंच सांगितलंय मला. आता हा चोर नाही.”

मला हसू आलं ते मी गिळलं. इतकी वर्षं पत्ते मांडले, पण एका बोटानं दैवाची मान पिरगाळणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते.

“हातानं फिरवलेला पत्ता धरत नाहीत, मालनताई.”

“मी धरते.”

“पण आला असता तर?” हर्षदानं विचारलं. ती पुढं झुकली होती. “मावशी, तो आपोआप असाच उलटा आला असता, तर त्याचा अर्थ काय?”

मी आत्याकडं बघितलं. आत्या माझ्याकडं. त्या क्षणी ती मला गप्प राहा म्हणत होती, डोळ्यांनी, मातीच्या दोन भोकांतून.

“तर तो माणूस छावणीकडं परत निघालाय,” मी म्हटलं. “नेलेलं होतं ते परत आणून ठेवतोय. सत्ती उलटी आली की लपवलेलं सांगून टाकणं.”

आत्यानं बोट पत्त्यावरून उचललं, जणू चटका बसला.

“फिरवू परत?” मी विचारलं.

“गप बसा तुम्ही,” ती म्हणाली, आणि आता ओठ हलले, गालांवरच्या मातीचे तुकडे पदरावर पडले. “तुम्हाला काय जातंय? मागच्या वर्षी खरं बोललो आम्ही. कराडची माणसं आली होती हिला बघायला. मीच बोलले, याच तोंडानं. चहा समोर तसाच राहिला. बाई उठली ती पदर सावरत उठली, आमच्या सोफ्याला आपलं लुगडं लागू नये म्हणून. ही दारामागं उभी होती. सगळं ऐकलंन. त्यानंतर महिनाभर ही आरशासमोर उभी राहिली नाही. ते बघायला होतात का तुम्ही?”

मी नव्हते.  माझ्या समोरची ही बाई चोर नव्हती. पोरीला उराशी कवटाळून चवड्यांवर चाललेली बाई होती ती, आणि मागं वळून बघताना तिच्या ओठांवर हसू नव्हतं.

हर्षदानं पर्समधून मोबाईल काढला.

“काय करतेस?”

“मकरंदला फोन.”

“हर्षू, माझं ऐक. सांगू नको असं मी म्हणतच नाही. साखरपुडा होऊ दे, मग सांग. नाहीतर लग्न होऊ दे, मग सांग. एक लेकरू झालं की मग कोण काय करणार आहे? तेव्हा सांग.”

“म्हणजे मी मेल्यावर.”

“तसं नाही गं.”

“आत्या, मला वाटत होतं मला तो नको. पंधरा दिवस मी झोपेतही तेच घोकतेय, नको, नको. तो नको नाहीये मला. त्याच्यासमोर असं चोरासारखं उभं राहायचं, ते नको आहे. तो फोनवर ताप उतरला का विचारतो, आणि मी त्याला काय देते? उलटा पेला.”

“उठून गेला तर?”

“जाऊ दे. या वेळी मी दारामागं नसेन. समोर बसून बघेन.”

आत्या उठली. मला वाटलं, ही आता फोन हिसकावणार. मोबाईल कानाशी गेला होता, रिंग जायला लागली होती, बारीक आवाज मलाही ऐकू येत होता. आत्या दोन पावलं तिच्याकडं गेली. थांबली. मग वळून पडद्याशी गेली, आणि पुढं डोकावून, भेगा पडलेल्या त्या मातीच्या तोंडानं, पार्लरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रेखा, तो ड्रायर बंद कर. माझी पोर बोलतेय.”

घरघर थांबली. खुर्च्यांतल्या बायका थांबल्या. आत्यानं पडदा ओढला नाही. तो पकडून तशीच उभी राहिली, पहारा द्यावा तशी, पाठ आमच्याकडं करून, कोणी हसतंय का ते बघत.

फोन उचलला गेला. त्या बाजूनं काहीतरी हळूहळू विचारलं गेलं, आणि विचारून झाल्यावरही तो थांबून राहिला असावा, कारण हर्षदानं मध्ये घाई केली नाही.

“हो, बरी आहे,” ती म्हणाली. “तुम्ही बसा कुठंतरी. बसलात? ऐका, मध्ये बोलू नका. माझ्या पाठीवर कोड आहे. सातवीत असल्यापासून, खांद्यापासून कमरेपर्यंत. आम्ही तुमच्यापासून लपवलं, तुमच्या आईंपासून लपवलं. डॉक्टर म्हणतात वाढणार नाही, पण ते लिहून देत नाहीत, आणि मीही देणार नाही. मला त्याची लाज वाटत नाही, लपवल्याची वाटते. तुम्हाला उठून जायचं असेल तर आज जा, रविवारी मी साडी नेसून समोर बसल्यावर नको.”